व्यायाम आणि मद्यपान: स्नायूंची भरपाई, शरीरातील पाणी आणि कामगिरी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून चार-पाच दिवस जिमला जाणारे, पहाटे धावणारे, सायकल चालवणारे किंवा रविवारी मैदानावर खेळणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. दारू प्यावी की पिऊ नये, हा या पानाचा विषय नाही. व्यायामानंतरच्या चोवीस ते छत्तीस तासांत दारू पोटात गेली तर शरीरात काय घडते, आणि ते किती प्रमाणापासून घडते, एवढेच येथे पाहिले आहे.

1. शनिवारी एक-दोन पेग घेतले तर आठवडाभराची मेहनत वाया जाते का?

नाही. ज्या प्रयोगांत दारूचा दुष्परिणाम स्पष्ट दिसला, त्यांत शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध मद्यार्क दिलेला होता. त्याच्या निम्मे, म्हणजे दर किलोमागे 0.5 ग्रॅम दिल्यावर स्नायूंच्या ताकदीत मोजता येण्याजोगा फरक आढळला नाही. 70 किलो वजनाच्या माणसासाठी ही खालची पातळी 35 ग्रॅम होते. मात्र 0.5 ग्रॅमपर्यंत दारू ‘सुरक्षित’ आहे, असा याचा अर्थ काढू नये. हे प्रयोग व्यायामानंतरच्या भरपाईपुरतेच होते. यकृत, रक्तदाब किंवा कर्करोगाचा धोका त्यांत मोजलेला नव्हता.

2. पेग आणि बाटल्या ग्रॅममध्ये कशा मोजायच्या?

मिलिलिटरमधील प्रमाणाला बाटलीवर छापलेल्या टक्केवारीने गुणावे, शंभराने भागावे आणि आलेल्या आकड्याला 0.79 ने गुणावे. कारण मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. आपल्याकडील व्हिस्की, रम, व्होडका आणि काजूची फेणीही साधारणपणे 42.8 टक्क्यांची असते. त्यामुळे 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम आणि 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क येतो. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा ग्लास सुमारे 15 ग्रॅमचा असतो.

खरी गफलत बिअरच्या बाबतीत होते. 5 टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बाटलीत सुमारे 26 ग्रॅम, तर 8 टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बाटलीत सुमारे 41 ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ‘मी फक्त बिअरच घेतो’ असे सांगणाऱ्याने दोन स्ट्राँग बाटल्या संपवल्या, तर तो चार मोठ्या पेगांच्या बरोबरीला येतो. घरी ओतलेला पेग मोजून पाहण्याची सवय बहुतेकांना नसते. औषधाच्या झाकणाने एकदा मोजून पाहिल्यास घरचा ‘लार्ज’ पुष्कळदा 60 मिलिलिटरच्या वरच निघतो.

3. स्नायू भरून येण्याच्या कामात दारू नेमकी कुठे आड येते?

वजन उचलल्यावर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढचे एक-दोन दिवस शरीर नवी प्रथिने रचून ती भरून काढते. हे काम चालू करण्याचा संदेश पेशीच्या आत एका साखळीतून पुढे जातो. मद्यार्क या साखळीतील दुवे मंद करतो. त्यामुळे अन्नातून प्रथिने मिळाली तरी ती स्नायूंत बसवण्याचा वेग घटतो.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होतो. नियमित व्यायाम करणाऱ्या आठ पुरुषांकडून वजने उचलणे आणि सायकलिंग करून घेतल्यानंतर त्यांना एकदा नुसती प्रथिने, एकदा प्रथिने व दारू आणि एकदा कर्बोदके व दारू देण्यात आली. दारूचे प्रमाण दर किलोमागे 1.5 ग्रॅम होते. नुसत्या प्रथिनांच्या तुलनेत स्नायूंतील प्रथिनांची रचना प्रथिने व दारू घेतल्यावर सुमारे 24 टक्क्यांनी, तर कर्बोदके व दारू घेतल्यावर सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळली.

हे आकडे वाचताना दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. दीड ग्रॅम म्हणजे 70 किलोच्या माणसाला पाचहून अधिक मोठे पेग. शिवाय मोजमाप व्यायामानंतरच्या काही तासांचे होते, महिन्याभराच्या स्नायूवाढीचे नव्हे. ‘दारूने स्नायू 37 टक्क्यांनी घटतात’ असे जे फिरवले जाते, ते या प्रयोगात कुठेही दिसलेले नाही.

4. बसण्याआधी प्रोटीन शेक घेतला तर नुकसान टळते का?

कमी होते, टळत नाही. वरच्या प्रयोगात 25 ग्रॅम प्रथिने दोनदा देऊनही सुमारे पाव भाग रचना घटलीच. मात्र प्रथिनांशिवाय ती त्याहून अधिक घटली. म्हणून व्यायामानंतर आणि पहिल्या ग्लासाआधी जेवून घेणे हा उपाय अर्धवट असला तरी करण्यासारखा आहे.

येथे चखण्याचाही विचार करावा लागतो. धावणे किंवा सायकलिंगसारख्या दीर्घ व्यायामानंतर स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पुन्हा भरावा लागतो आणि त्यासाठी पोळी, भात, बटाटा असे अन्न लागते. सायकलपटूंवर झालेल्या एका प्रयोगात कर्बोदकांच्या जागी दारू दिली, तेव्हा आठ तासांनी हा साठा जवळपास निम्माच भरला होता. पुरेशी कर्बोदके देऊन वर दारू दिली, तेव्हा चोवीस तासांनंतर फारसा फरक उरला नाही. म्हणजे साठ्याच्या बाबतीत दारूचा मोठा दोष हा की ती जेवणाची जागा घेते. मसाला पापड, शेंगदाणे आणि चणाडाळ यांवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी ‘पायांत जीव नाही’ म्हणणाऱ्याने आधी रात्रीचे ताट आठवावे.

5. पायांचा व्यायाम केल्यावर प्यायलो, पण पाय नेहमीपेक्षा जास्त दुखले नाहीत. म्हणजे काही बिघडले नाही ना?

दुखणे हे येथे भरवशाचे माप नाही. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत मांडीच्या पुढच्या स्नायूंना मुद्दाम कष्ट देण्यात आले. भार खाली सोडताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावायचा, असा हा व्यायाम तीनशे वेळा करून घेतला. त्यानंतर संत्र्याच्या रसातून दर किलोमागे 1 ग्रॅम मद्यार्क देण्यात आला. छत्तीस तासांनी मोजलेली ताकद, नुसता रस घेतलेल्या वेळेपेक्षा स्पष्टपणे अधिक घटलेली होती. याच गटाने प्रमाण निम्म्यावर आणून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हा फरक दिसला नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की ज्या दिवशी स्नायूंना सर्वाधिक इजा होते, त्या दिवशी दारू सर्वाधिक महाग पडते. असे दिवस ओळखू येतात: दीर्घ विश्रांतीनंतरचे पहिले स्क्वॉट, नव्याने सुरू केलेले लंजेस, किंवा सिंहगडासारखा गड चढून वेगाने उतरणे. उतारावर मांडीचे स्नायू हेच ताण-सोसत-जोर-लावण्याचे काम तासभर करत असतात. परीक्षा करायची असेल तर दोन दिवसांनी नेहमीच्या वजनाने नेहमीचा सेट करून पाहावा. दोन-तीन आवर्तने कमी पडली, तर स्नायू अजून सावरलेले नाहीत, मग ते दुखत असोत वा नसोत.

6. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. मग घाम गेल्यावर बिअर का चालू नये?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येते आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. मद्यार्क या संप्रेरकाचा स्राव दाबतो, त्यामुळे लघवी वाढते. जुना आणि अजूनही वापरला जाणारा अंदाज असा की दर ग्रॅम मद्यार्कामागे सुमारे 10 मिलिलिटर लघवी जास्त होते.

मात्र येथे एक बारकावा आहे. शरीर आधीच कोरडे पडलेले असेल तर ते पाणी धरून ठेवू पाहते आणि दारूचा हा परिणाम काहीसा सौम्य होतो. व्यायामानंतर गेलेल्या घामाच्या दीडपट द्रव देऊन केलेल्या एका प्रयोगात 1 आणि 2 टक्के मद्यार्काच्या पेयांनी पाणी जवळपास मद्यार्कविरहित पेयाइतकेच भरून निघाले. 4 टक्क्यांच्या पेयाने मात्र लघवी वाढली आणि रक्ताचे आकारमान पूर्ववत होण्यास उशीर लागला. आपल्याकडे मिळणारी बिअर 5 ते 8 टक्क्यांची असते, म्हणजे ती या मर्यादेच्या पलीकडेच आहे. शिवाय बिअरमध्ये सोडियम फारच कमी असते आणि सोडियमवाचून प्यायलेले पाणी टिकत नाही. मद्यार्करहित बिअरला पहिला आक्षेप लागू होत नाही, दुसरा होतो. तिच्यासोबत खारट काहीतरी खाल्ले तर ती चालण्यासारखी आहे.

योग्य क्रम साधा आहे. व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. घटलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव, मीठ असलेल्या ताकासोबत किंवा जेवणासोबत, दोन-तीन तासांत विभागून घ्यावे. लघवी फिकट पिवळी झाल्यावर पुढचा विचार करावा. दारू चालू असताना लघवीच्या रंगावर विसंबू नये, कारण तेव्हा ती शरीर कोरडे असतानाही पाण्यासारखी दिसते.

7. शनिवारी रात्री चार मोठे पेग, रविवारी पहाटे लांब धाव. प्रत्यक्षात काय होते?

मुंबईतील जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न पावसाळा संपला की हमखास येतो. म्हणून तो आकड्यांनिशी सोडवून पाहू. 70 किलो वजनाचा पुरुष धरू. शनिवारी सायंकाळी सहा ते सव्वासात त्याने पायांचा व्यायाम केला, वजन 70.4 वरून 69.6 किलोवर आले. म्हणजे 800 ग्रॅम पाणी गेले आणि त्याला किमान एक लिटर द्रव हवे होते. तो अर्धा लिटर पाणी पिऊन मित्रांकडे गेला. नऊ ते बारा या वेळात चार मोठे पेग, म्हणजे सुमारे 80 ग्रॅम मद्यार्क पोटात गेला. दर किलोमागे हे प्रमाण 1.15 ग्रॅम होते, म्हणजे प्रश्न 5 मधील वरच्या पातळीच्याही पुढे.

प्रश्न 6 मधील अंदाजाने या दारूमुळे जास्तीत जास्त 800 मिलिलिटर लघवी अधिक झाली. तो आधीच कोरडा असल्यामुळे प्रत्यक्षात काहीशी कमी झाली असेल. पेगांत मिसळलेल्या सोड्याने त्यातील काही भाग भरून काढला, तरी सोडियमची तूट राहिलीच.

यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क काढून टाकते. 8 ग्रॅम धरले तर 80 ग्रॅमला दहा तास लागतात, म्हणजे सकाळचे सात वाजतात. पहाटे पाच वाजता तो गाडी काढतो, तेव्हा शरीरात अंदाजे 16 ग्रॅम शिल्लक आहे. त्याच्या शरीरातील पाण्याचा अंदाज घेऊन हिशेब केला, तर रक्तातील प्रमाण 100 मिलिलिटरमागे सुमारे 34 मिलिग्रॅम येते. वाहन चालवण्याची भारतातील कायदेशीर मर्यादा 30 आहे. धावणे बाजूलाच राहिले, त्याने गाडीलाही हात लावायला नको होता. हा अंदाज आहे, व्यक्तीगणिक तो वर-खाली होईल. पण ‘झोपून उठलो म्हणजे उतरली’ हा समज किती फसवा आहे, हे त्यावरून दिसते.

त्यानंतर साडेपाचला तो धावायला लागतो, तेव्हा नेहमीच्या वेगालाही नाडी जलद पडते. रक्ताचे आकारमान कमी असल्याने हृदयाला तेवढेच काम अधिक ठोक्यांत करावे लागते. यकृत मद्यार्कात गुंतलेले असल्यामुळे नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावलेले असते. त्यामुळे तासाभरानंतर हात थरथरणे, दरदरून घाम आणि डोके हलके होणे ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे दिसू शकतात. ती दिसली तर थांबावे, काहीतरी गोड खावे आणि त्या दिवसापुरते धावणे संपवावे.

याच माणसाने पायांचा व्यायाम शनिवारी सकाळी केला असता, पाणी आणि जेवण आधी उरकले असते आणि आठ वाजता सुरू करून दोनच पेगांवर थांबला असता, तर 40 ग्रॅम मद्यार्क मध्यरात्रीनंतर तासाभरात संपला असता. रविवारची धाव तेव्हाही सर्वोत्तम झाली नसती. पण ती झाली असती.

8. दारूने झोप तर लगेच लागते. मग झोपेचे नुकसान कसे?

लगेच लागते हे खरे आहे. पहिल्या काही तासांत गाढ झोपही मिळू शकते, पण स्वप्नांची झोप दबते आणि मद्यार्क उतरू लागला की उत्तररात्री झोप मोडत राहते. घोरण्याची सवय असलेल्यांचे घोरणे वाढते. मनगटावर घड्याळ बांधून झोपणाऱ्यांना याचा पुरावा स्वतःच पाहता येतो: रात्रीची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा वर राहते आणि ठोक्यांमधील अंतराची विविधता घटते. सकाळची नाडी आपल्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर त्या दिवशी वेगाचे किंवा जड वजनाचे काम ठेवू नये.

9. सकाळी घाम गाळला की दारू लवकर उतरते का?

नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक मद्यार्क यकृतच मोडते. घाम, श्वास आणि लघवी यांतून जाणारा वाटा अल्प असतो. व्यायाम, थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी किंवा काळी कॉफी यांनी यकृताचा वेग वाढत नाही. मीठ-साखरेचे पाणी तहान भागवते, डोके थोडे हलके करते, इतकेच. वाफेच्या खोलीत बसणे मात्र धोक्याचे आहे, कारण आधीच कमी असलेले पाणी आणखी घटते आणि चक्कर येऊन पडण्याची शक्यता वाढते.

10. स्पर्धेआधी थोडीशी घेतली तर हात स्थिर राहतो, थंडी वाजत नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

ही समजूत फार जुनी आहे. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी दिली होती. शर्यत संपली तेव्हा तो कोसळण्याच्या बेतात होता. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब जाणवते; प्रत्यक्षात शरीरातील उष्णता लवकर बाहेर जाते. प्रतिक्रियेचा वेळ आणि तोल बिघडतो, आणि प्रश्न 7 मध्ये सांगितलेली साखर उतरण्याची शक्यता आहेच.

नेमबाजी किंवा तिरंदाजीत हात स्थिरावतो म्हणून काहींना मोह होतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2018 पासून मद्यार्क आपल्या निषिद्ध यादीतून वगळला आहे. पण याचा अर्थ खेळाडूंना मुभा मिळाली असा नाही. संबंधित खेळांच्या संघटना आपापले नियम लावू शकतात, म्हणून स्पर्धेची नियमावली वाचावी.

11. वजन कमी करायचे आहे. कोणती दारू ‘चालते’?

मद्यार्काच्या दर ग्रॅममागे 7 किलोकॅलरी मिळतात, मग बाटली कोणतीही असो. मोठा पेग सुमारे 140 किलोकॅलरींचा, तर स्ट्राँग बिअरची मोठी बाटली मद्यार्कातूनच सुमारे 290 किलोकॅलरींची असते. तिच्यातील कर्बोदके वेगळी. मद्यार्क असेपर्यंत शरीर चरबी जाळणे मागे ठेवते. सोड्याऐवजी कोला घातला तर त्याचाही हिशेब धरावा.

12. स्त्रियांना हेच आकडे लागू होतात का?

जसेच्या तसे नाहीत. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असते, त्यामुळे दर किलोमागे तेवढाच मद्यार्क घेतला तरी रक्तातील पातळी अधिक चढते. दुसरीकडे, व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना दर किलोमागे जवळपास 0.9 ग्रॅम देऊन केलेल्या प्रयोगांत, पुरुषांमध्ये दिसलेली ताकदीची जास्तीची घट आढळली नाही. असे प्रयोग थोडे आहेत. त्यावरून अधिक पिण्याची सूट काढणे चुकीचे ठरेल, कारण पाणी, झोप आणि तोल यांवरचे परिणाम कायमच राहतात. गर्भारपणात व्यायाम चालू असला तरी दारूचे कोणतेही प्रमाण चालत नाही.

13. व्यायामाने अंग दुखते म्हणून गोळी घेतली आहे, किंवा मधुमेहाचे औषध चालू आहे. मग?

या प्रश्नाचे उत्तर ग्रॅमच्या हिशेबाने देता येत नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दारूसोबत घेतल्यास जठराच्या अस्तराला इजा होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शरीर कोरडे असताना मूत्रपिंडांवरही भार येतो. नियमित दारू पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉल धोकादायक ठरू शकते. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी वाढते. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर दारू पूर्णपणे टाळावी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची स्थिती सर्वांत नाजूक असते. व्यायामाने साखर उतरते, औषधाने उतरते आणि दारू यकृताला ती चढवू देत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर पहाटे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अडखळणारे बोलणे आणि गोंधळलेपण पाहून घरच्यांना ‘जास्त झाली असेल’ असेच वाटते आणि मदत उशिरा मिळते. अशा व्यक्तीने सोबतच्यांना आपला आजार आधी सांगून ठेवावा आणि शंका आल्यास ग्लुकोमीटरने साखर तपासावी.

14. कडक व्यायाम आणि दारू यांनंतर दुसऱ्या दिवशी लघवी कोलासारखी गडद झाली. नुसते पाणी कमी पडले असेल का?

पाणी कमी पडल्यावर लघवी गडद पिवळी होते. कोलासारखी किंवा तांबूस-काळपट होत नाही. सवय नसलेल्या तीव्र व्यायामाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटले, तर त्यांतील मायोग्लोबिन रक्तात येते आणि मूत्रपिंडांतून जाताना त्यांना इजा करू शकते. दारू आणि उष्मा दोन्ही हा धोका वाढवतात. स्नायू कडक होऊन सुजणे, जिना उतरता न येण्याइतकी कमजोरी आणि लघवीचे प्रमाण घटणे ही सोबतची लक्षणे होत. अशा वेळी भरपूर पाणी पिऊन वाट पाहू नये, दुखण्याची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातील क्रिएटिन कायनेज आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. डॉक्टरांना व्यायाम कोणता केला आणि दारू किती घेतली, हे दोन्ही स्पष्ट सांगावे. दुसरी गोष्ट लपवली तर उपचाराची दिशा चुकू शकते.